चौथी भिंत कुठे गेली?

सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंग शिकल्यापासून एक वाईट सवय लागते. कुठल्याही घरात गेलं की मनात आपोआप प्लॅन तयार होतो. इथे दरवाजा, तिथे खिडकी, डक्ट बहुतेक मागच्या बाजूला. सावेडीतल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हे पाच मिनिटांत जमतं. पण हाच प्रयोग टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतल्या घरावर करून बघा. जो हॉल आपण शेकडो वेळा पाहिलाय, ज्याच्या सोफ्याच्या कव्हरचा रंगसुद्धा पाठ आहे, त्याचा प्लॅन कागदावर काढायला घेतला की पेन्सिल अडते. सोफ्यासमोरच्या भिंतीवर काय आहे? बाथरूम कुठे आहे? दाराबाहेरचा पॅसेज नेमका कुठे जातो?

ही फक्त नेपथ्यकाराची निष्काळजी समजू नका. त्या हॉलचा प्लॅन राहणाऱ्यांसाठी काढलेलाच नसतो, तो कॅमेऱ्यासाठी काढलेला असतो. एकदा हे लक्षात आलं की बहुतेक कोडी सुटतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लागायची. दिग्दर्शक केदार शिंदे आणि आबांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या आणि नात शलाका अशी एकूण पाच माणसं. गंमत म्हणजे शेखरचं काम करणारे राजन भिसे हे स्वतः मराठी रंगभूमीवरचे नावाजलेले नेपथ्यकार आहेत.

आता समजा, अशा पाच जणांच्या कुटुंबाला एका ओळीत बसवून एकाच शॉटमध्ये दाखवायचं आहे. माणशी दोन फूट धरले तर दहा फूट झाले, आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा सोडला तर बारा. कॅमेरा किती लांब ठेवावा लागेल? लेन्सचा आडवा कोन θ आणि दाखवायची रुंदी W असेल, तर अंतर असं निघतं:

D = W / (2 tan(θ/2))

माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून लेन्सचा कोन साधारण ४० अंश धरू. उत्तर येतं साडेसोळा फूट. त्यात सोफा आणि त्यामागची जागा मिळून तीन फूट मिळवा. कॅमेरा आणि त्यामागे उभा राहणारा कॅमेरामन यांना चार फूट द्या. म्हणजे हॉल किमान साडेतेवीस फूट खोल हवा. आपल्याकडे टू बीएचकेचा हॉल साधारण दहा बाय चौदा असतो. सोफा लांब भिंतीला लावला तर समोर जागा उरते दहा फूट!

मग वाइड लेन्स लावली तर? ६० अंशाला अंतर साडेदहा फुटांवर येतं. वरचे सात फूट धरून साडेसतरा, म्हणजे तरीही बसत नाही. ९० अंशाला फक्त सहा फूट लागतात, पण मग कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि पाठची भिंत उगाच लांब गेल्यासारखी वाटते. भूताच्या सिनेमात ते चालेल, कौटुंबिक विनोदात नाही. थोडक्यात काय, खऱ्या हॉलमध्ये ही मालिका रोज शूट करणं अवघड आहे. उपाय एकच, समोरची भिंत काढून टाकायची.

ही युक्ती टीव्हीची नाही, नाटकाची आहे. आपल्या माउली सभागृहात एकांकिका बघताना दिवाणखान्याच्या तीनच भिंती उभ्या असतात आणि चौथ्या भिंतीच्या जागी आपण बसलेले असतो. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह लूसी' ही मालिका सुरू झाली. त्यात कार्ल फ्रॉइंड या छायाचित्रकाराने प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन फिल्म कॅमेरे चालवले. कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूला आणि सेट समोर. तेव्हापासून विनोदी मालिकेचा हॉल म्हणजे कॅमेऱ्यांसाठी मांडलेला रंगमंच, ही पद्धत रुळली.

चौथी भिंत गेली की पुढच्या बऱ्याच गोष्टी ओघानेच येतात. सोफा भिंतीला टेकलेला नसतो, खोलीच्या मध्ये असतो, कारण त्याच्या मागूनही माणसं ये-जा करायला हवीत. डायनिंग टेबलाला चार बाजू असल्या तरी माणसं तीनच बाजूंना दाटीवाटीने बसतात. चौथ्या बाजूला बसलेल्याची आपल्याला फक्त पाठ दिसली असती. आणि हॉल खऱ्यापेक्षा बराच रुंद असतो. खऱ्या फ्लॅटमध्ये दारातून सोफ्यापर्यंत दोन-तीन पावलं होतात. तेवढ्यात पाहुण्याने आत येणं, घरातल्यांनी एकमेकांकडे बघणं आणि कोणीतरी टोमणा मारणं हे बसवायचं कसं? विनोदाला चालायला जागा लागते.

अजून एक खूण सांगतो. वर बघा, पंखा आहे का? मे महिन्यात दुपारी सावेडीत पंख्याशिवाय कोणी हॉलमध्ये बसून दाखवावं! पण सेटवर पुष्कळदा पंखा दिसत नाही. कारण सेटला छतच नसतं. दिवे वरच्या सांगाड्याला टांगलेले असतात आणि त्यांचा उजेड छत नसल्यामुळेच खाली येतो. त्यात मध्ये पंखा फिरला तर पात्यांची सावली चेहऱ्यांवर नाचणार. म्हणून कॅमेराही सहसा वर मान करत नाही.

आता दरवाजांकडे येऊ, कारण लेआउटचे खरे प्रश्न तिथेच निर्माण होतात. आपल्या इमारतीत स्वयंपाकघर, बाथरूम, संडास शक्यतो एका डक्टभोवती येतात. पाइप सरळ खाली न्यायचे असतात, त्यामुळे पाण्याच्या खोल्या एकमेकींना धरून राहतात. सेटवर पाइपच नसतात. तिथे दरवाजा कुठे ठेवायचा हे माणसांच्या हालचालीवरून ठरतं. मुख्य दार एका टोकाला आणि आत जायची वाट दुसऱ्या टोकाला ठेवली, की बाहेरून आलेला माणूस आपल्यासमोरून अख्खा हॉल ओलांडतो. घरातला माणूस स्वयंपाकघरातून आणि पाहुणा मुख्य दारातून एकाच वेळी आले, तर दोघांची टक्कर बरोबर मध्यभागी होते. सोयीचं आहे, पण कागदावर त्याचा फ्लॅट होईलच असं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८९ ते १९९८ या काळातली 'साइनफेल्ड' ही अमेरिकन मालिका. जेरीच्या घराचं दार उघडलं की बाहेर सरळ जाणारा पॅसेज दिसतो. दाराशेजारीच त्याचं स्वयंपाकघर आहे. दोन्ही गोष्टी एकाच प्लॅनवर काढा, पॅसेज सरळ स्वयंपाकघरातून आरपार जातो! सबमिशनला असं ड्रॉइंग नेलं तर सर शीट तोंडावर फेकतील. पण नऊ वर्षं प्रेक्षकांचं काही अडलं नाही, कारण पॅसेज आणि स्वयंपाकघर एकमेकांना छेदतात असं दाखवणारा कोनच कॅमेऱ्याने घेतला नाही.

दुसरी चूक मात्र दुरुस्त करावी लागली. १९९४ साली सुरू झालेल्या 'फ्रेंड्स'मध्ये मोनिकाच्या दारावर आधी ५ नंबर होता. पण खिडकीतून दिसणारं दृश्य वरच्या मजल्याचं होतं आणि ५ नंबरचा फ्लॅट तर खालच्या मजल्यावर असायला हवा. पुढे तो नंबर बदलून २० केला. फरक लक्षात घ्या. पॅसेजची चूक पकडायला प्लॅन काढावा लागतो, नंबरची चूक मात्र नुसत्या डोळ्यांना दिसते.

म्हणजे सेटवर काहीही चालतं का? तर नाही, एक नियम मोडला की साधा प्रेक्षकसुद्धा गोंधळतो, तो म्हणजे दिशेचा नियम. माणूस पडद्याच्या उजवीकडून बाहेर पडला आणि पुढच्या खोलीत जायला निघाला, तर तिथे तो डावीकडून आत यायला हवा. तरच तो पुढे चालतोय असं वाटतं. तोही उजवीकडूनच आला, तर तो परत फिरला असं वाटतं. म्हणून कॅमेरे एका काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवतात. भिंत काढलेली बाजू ती हीच.

हा नियम कसा लावायचा ते 'साराभाई व्हर्सेस साराभाई' (२००४ ते २००६) वर बघू. माया आणि इंद्रवदन यांच्या फ्लॅटसमोरच साहिल आणि मोनिशाचा फ्लॅट. अशा समोरासमोरच्या दोन घरांचा प्लॅन काढा आणि दोन्हीकडचे कॅमेरे उत्तरेकडे बघतायत असं धरा. पहिल्या घराचं दार उजव्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीत असेल, तर समोरचं घर त्याच्या पूर्वेला आलं. मग त्याचं दार पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे पडद्यावर डावीकडेच दिसायला हवं. दोन्ही दारं उजवीकडे दिसली तर इमारत चुकली असं लगेच म्हणू नका. दुसऱ्या घरातला कॅमेरा दक्षिणेकडे बघत असेल, तर ती दोन्ही दारं अगदी समोरासमोर बसतात. प्लॅन बरोबर, पण पात्र उजवीकडून गेलं आणि उजवीकडूनच आलं, म्हणून डोळ्यांना खटकणार. 'साइनफेल्ड'च्या बरोब्बर उलट: तिथे प्लॅन चूक आणि डोळा खूश, इथे प्लॅन बरोबर आणि डोळा नाराज.

आपल्या गॅदरिंगच्या एकांकिकेला सेट लावणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं. घर खरं दिसावं म्हणून स्टेजवर दहा बाय चौदाचा हॉल मापून आखू नका. आधी ठरवा की बाहेरचं जग कुठल्या बाजूला आणि आतलं घर कुठल्या बाजूला, आणि मग शेवटपर्यंत ती बाजू बदलू नका. दार विंगच्या बाजूला, म्हणजे स्टेजबाहेर उघडेल असं लावा आणि बिजागऱ्या मागच्या कडेला ठेवा. घरातलं मुख्य दार आत उघडतं, पण तसं केलं तर दाराची फळी नटाला झाकू शकते. बाहेर उघडलेलं दार उलट विंगमधली गडबड झाकतं. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसून बघा. दारातून विंगमधला प्रॉम्प्टर दिसत असेल तर दार किंवा भिंतीचा कोन बदलायला हवा.

आणि बाथरूमचं काय? नाटकात कोणी तिकडे जात नसेल, तर प्लॅनमध्ये त्याला जागा दिली नाही तरी चालेल. व्हायवाला मात्र हे उत्तर देऊ नका.