आपल्या काळ्या दगडात निओडायमियम आहे, पण...

तुमच्या इअरफोनच्या चुंबकात निओडायमियम असतं. आमच्या जालन्यात विहीर खणली की लागतो त्या बसाल्टमध्येही ते आहे, फक्त फार विखुरलेलं. त्याचे आयन मोठे. साध्या खनिजांच्या स्फटिकांत ते मावत नाहीत, उरलेल्या वितळलेल्या रसात साठत जातात. दख्खनच्याच ज्वालामुखीकाळात गुजरातेत अंबाडुंगरला कार्बोनेटाइट खडक बनला, तिथे ते एकवटलंय.

खरी डोकेदुखी पुढे. शेजारचं प्रासिओडायमियम! दोघांवर चार्ज सारखाच, आकारात जेमतेम एक टक्का फरक. आम्लातलं द्रावण तेलकट सॉल्व्हंटसोबत घुसळलं की निओडायमियम जरासं जास्त वर जातं. समजा दीडपट, तर ५०:५० चं होतं फक्त ६०:४०. म्हणून कारखान्यात टाक्यांची रांगच्या रांग लावतात आणि तेच घुसळणं पुन्हा पुन्हा चालतं.