बिल एक्क्याण्णव हजारांचं, मंजूर साडेएक्कावन्न

वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाइल मंजूर होऊन आली की कर्मचारी आधी शेवटचा आकडा बघतो आणि मग लेखा विभागाच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. ‘एवढे पैसे कुठं कापले?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो. उत्तर देता येणं हे लेखा लिपिकाचं कामच आहे, आणि ते देता येतं की नाही हे त्याने बिलाची वर्गवारी कशी केली यावर ठरतं. एक बिल घेऊन ती वर्गवारी पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशी बिलं कुठल्याही संस्थेच्या लेखा विभागात रोज येतात.

संस्थेचं धोरण असं आहे. आंतररुग्ण उपचारासाठी वर्षाला एक लाखाची मर्यादा. साध्या खोलीचं भाडं दिवसाला 3,000 रुपयांपर्यंत, आणि त्याहून महाग खोली घेतली तर डॉक्टरांची फी व शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कमी धरायचा. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे. आईवडिलांच्या उपचारात 20 टक्के वाटा कर्मचाऱ्याचा. बाह्यरुग्ण उपचारासाठी 12,000 रुपयांची वेगळी वार्षिक मर्यादा.

एका कर्मचाऱ्याच्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात झाली. त्याने अर्जात रक्कम लिहिली 93,300. इथेच पहिलं काम येतं, आणि ते वर्गवारीच्याही आधीचं आहे: कागदांची बेरीज आणि अंतिम बिल जुळतं का ते बघणं. रुग्णालयाचं अंतिम बिल होतं 91,000 चं. मधले 2,300 आले कुठून? औषध दुकानाच्या पावत्यांची बेरीज 16,900 होती. पण घरी सोडताना न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइनच्या बाटल्या परत केल्या होत्या, आणि त्या परताव्याची 2,300 ची चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी होती. कर्मचाऱ्याच्या मनात लबाडी नव्हती, त्याने फक्त समोर दिसल्या त्या पावत्या मिळवल्या. म्हणजे औषधांचा खरा खर्च 14,600. अशीच दुसरी नेहमीची चूक आगाऊ भरलेल्या रकमेच्या पावत्यांची. ती रक्कम अंतिम बिलातच सामावलेली असते, तरी पावत्या वेगळ्या जोडल्या गेल्या की दोनदा मोजली जाते.

आता 91,000 ची फोड. चार दिवसांचं खोलीभाडं 4,000 प्रमाणे 16,000. शल्यविशारदांची फी 24,000, भूलतज्ज्ञांची 8,000, शस्त्रक्रियागृह 12,000. औषधं 14,600, तपासण्या 5,400, हर्नियाची जाळी 9,000. नोंदणी शुल्क 600 आणि सोबतच्या नातेवाइकाचं जेवण 1,400.

नोंदणी आणि जेवण धोरणातच वगळलेलं आहे, ते 2,000 बाजूला गेले. मग औषधांची पावती ओळीनुसार वाचावी लागते. तिच्यात डायपर आणि थर्मामीटर मिळून 1,600 रुपयांच्या वस्तू निघाल्या. दुकान औषधाचं, म्हणून पावतीवरची प्रत्येक ओळ औषधाची होत नाही. आरोग्य विम्यासाठी इर्डाईने अशा देय नसलेल्या वस्तूंची यादी करून ठेवली आहे, तिच्यात डायपर आणि थर्मामीटर दोन्ही आहेत. संस्थेचं धोरण विम्याचं नसलं तरी बहुतेक ठिकाणी हीच यादी हाताशी ठेवतात, आणि ते बरंच आहे, कारण मग लिपिकाला स्वतःच्या मर्जीने काही ठरवावं लागत नाही. पात्र औषधं उरली 13,000.

खोलीभाड्याची मर्यादा 3,000, घेतलेली खोली 4,000 ची. त्यामुळे भाड्यापोटी 12,000 पात्र. पण गोष्ट तिथं थांबत नाही. बऱ्याच रुग्णालयांत महागड्या खोलीतल्या रुग्णाला डॉक्टरांची फीही चढी लागते, म्हणून धोरण तेच प्रमाण, म्हणजे तीन चतुर्थांश, फीला आणि शस्त्रक्रियागृहाला लावतं. 44,000 चे 33,000 झाले. सगळ्यात जास्त वाद होतात ते या ठिकाणी, कारण काही लिपिक हे प्रमाण सरसकट अख्ख्या बिलाला लावून मोकळे होतात. औषधाची गोळी किंवा जाळी खोली बदलल्याने महाग होत नाही. विम्याच्या नियमांतही इर्डाईने 2020 साली हेच स्पष्ट केलं: औषधं, शरीरात बसवायच्या वस्तू आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, आणि अतिदक्षता विभागाच्या आकारालाही नाही. इथं ती लावली असती तर औषधं, तपासण्या आणि जाळी मिळून 27,400 मधून 6,850 रुपये नाहक कापले गेले असते. एवढी रक्कम एखाद्या शिपायाच्या घरचं महिन्याचं गणित कोलमडवते.

पात्र रकमांची बेरीज आता 72,400 होते. यातला कर्मचाऱ्याचा 20 टक्के वाटा 14,480, तो वजा जाता 57,920. पण याच वर्षी आधी 48,500 दिलेले होते, म्हणून वार्षिक मर्यादेत शिल्लक 51,500. दोन्हींत जे कमी ते मंजूर: 51,500.

या शेवटच्या दोन पायऱ्यांचा क्रम उलटा केला तर काय होतं बघा. आधी शिलकीची मर्यादा लावली आणि मग 20 टक्के कापले, तर हातात 41,200 पडतात. बिल तेच, धोरणाची कलमं तीच, आणि फरक 10,300 रुपयांचा. या धोरणात वार्षिक मर्यादा ही संस्थेने प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर आहे, त्यामुळे कर्मचाऱ्याचा वाटा आधी जायला हवा. ज्या धोरणात हा क्रम लिहिलेलाच नाही, तिथं लिपिकाने अंदाज बांधू नये. वरिष्ठांकडून लेखी निर्णय घ्यावा आणि तो पुढच्या प्रत्येक फाइलला लावावा. पात्र रक्कम, कर्मचाऱ्याचा वाटा आणि शिल्लक हे रकाने अनुक्रमे C, D, E असतील तर एक्सेलमध्ये एवढं पुरतं:

```
=MIN(C2-D2, E2)
```

मात्र फक्त हाच आकडा फाइलवर जाऊ नये. मागितलेली रक्कम, पात्र रक्कम, मंजूर रक्कम आणि कपातीचं कारण असे चार रकाने प्रत्येक ओळीसमोर हवेत. ‘नियमानुसार अमान्य’ हा शेरा मला अजिबात मान्य नाही. त्याऐवजी ‘खोलीभाडे मर्यादा 3,000 × 4 दिवस’ असं लिहिलं की कर्मचारी स्वतः ताळा करू शकतो, आणि लेखापरीक्षकालाही विचारावं लागत नाही.

याच फाइलमध्ये 1,850 रुपयांची सोनोग्राफीची पावती वेगळी होती, दाखल होण्याच्या बारा दिवस आधीची. ‘मॅडम, ही ओपीडीत टाका ना, तिथं माझे पैसे शिल्लक आहेत,’ कर्मचाऱ्याने विनवलं. मागणी माणुसकीची वाटते. पण दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या आंतररुग्ण खर्चात धरायच्या, असं धोरणात कलम आहे, आणि सोनोग्राफीच्या अहवालावर हर्नियाच लिहिलेला होता. कुठल्या सदरात पैसे उरलेत हे बघून खर्चाचं सदर ठरवायला लागलो, की ज्याची ओळख आहे त्याला एक नियम आणि नवख्याला दुसरा असं होतं. मॅडमनी ती पावती आंतररुग्ण सदरातच नोंदवली. तिथली मर्यादा संपली होती, म्हणून तिच्यापोटी देय रक्कम शून्य आली, आणि कारणाच्या रकान्यात कलमाचा क्रमांक गेला.

राहिला प्राप्तिकर. वर्षाला 15,000 रुपयांपर्यंतची वैद्यकीय प्रतिपूर्ती पूर्वी करमुक्त असे. 2018-19 या आर्थिक वर्षापासून प्रमाणित वजावट आली आणि ती सवलत गेली. सरकारी रुग्णालयातला उपचार, मालकाच्या स्वतःच्या रुग्णालयातला उपचार किंवा ठरावीक आजारांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयातला उपचार यांना सूट आहे. साध्या खासगी रुग्णालयातल्या हर्नियाला ती नाही. म्हणून वर्गवारीच्या तक्त्यात रुग्णालयाचा प्रकार हाही एक रकाना लागतो, आणि हे 51,500 रुपये पगारपत्रकात करपात्र म्हणून जातात. कर्मचाऱ्याला हे रक्कम हातात पडतानाच सांगून ठेवावं, मार्चच्या पगारातून कर कापला गेल्यावर नव्हे.