बीप वाजण्याआधीचं बोलणं

दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी गटांनी आता फोनवर ध्वनिमुद्रित निवेदन ठेवलं आहे. फोन बंद असण्याच्या वेळात कुणी फोन केला, तर आधी हे निवेदन ऐकू येतं, मग बीप वाजते आणि समोरच्याला निरोप ठेवता येतो. फोन करणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक आपल्या पंचक्रोशीतली मराठी बोलणारी, आणि दुसरी बाहेरगावचे दुकानदार, पार्सलवाले, परराज्यातले शेजारी, ज्यांना मराठी येत नाही. म्हणून निवेदन मराठीत आणि इंग्रजीत असं दोन्ही ठेवावं लागतं. ते कसं लिहायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला एकदाच ऐकून कळेल, हे आज आपण पाहू.

उदाहरणापुरतं आपल्या गटाचं नाव ‘सुगरण’ धरू. बहुतेक ठिकाणी निवेदन साधारण असं लिहिलेलं असतं: ‘नमस्कार, आपण सुगरण महिला गृहउद्योग या संस्थेच्या कार्यालयाशी संपर्क साधला आहे. कार्यालयीन वेळ समाप्त झाल्यामुळे आम्ही आपल्या सेवेस उपलब्ध नाही. कृपया कार्यालयीन वेळेत पुनश्च संपर्क साधावा अथवा आपला निरोप नोंदवावा.’ आणि मग त्याचंच इंग्रजी.

कागदावर हे भारदस्त दिसतं. पण फोनवर ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळालं? वेळ कोणती ते सांगितलेलंच नाही. निरोपात काय काय सांगायचं तेही नाही. आणि ‘पुनश्च’, ‘समाप्त’, ‘संपर्क’ अशा जोडाक्षरांच्या रांगेत गटाचं नाव पुसलं जातं. मराठी न येणाऱ्याचं तर याहून अवघड होतं. पंधरा सेकंद त्याला काहीच कळत नाही, आपण चुकीच्या ठिकाणी फोन लावला असं वाटून तो इंग्रजी सुरू होण्याआधीच फोन ठेवतो.

त्यावर उपाय अगदी छोटा आहे. गटाचं नाव घेतल्यावर लगेच एक इंग्रजी वाक्य टाकायचं: ‘फॉर इंग्लिश, प्लीज वेट.’ याला दोन सेकंद लागतात. मराठी माणसाचा त्यात खोळंबा होत नाही, आणि दुसऱ्याला कळतं की थांबलो तर आपल्यालाही काहीतरी ऐकायला मिळणार आहे.

आता दुसरी अडचण, जी लिहिताना लक्षात येत नाही. मराठी भागात आपण म्हणतो, ‘तुमचं नाव आणि नंबर सांगा.’ मराठी बाई लगेच बोलायला लागते. पण तिकडे इंग्रजी निवेदन सुरू झालेलं असतं आणि बीप अजून वाजायची असते. बीपच्या आधी बोललेलं काहीच साठवलं जात नाही. बाई समाधानाने फोन ठेवते, तिची पाच किलो चकलीची ऑर्डर मात्र आपल्यापर्यंत पोचतच नाही. ऑर्डर गेली हे ना तिला कळतं, ना आपल्याला. म्हणून मराठी भागातच सांगून टाकायचं की आधी इंग्रजी होईल, मग बीप वाजेल आणि त्यानंतर बोलायचं.

हे सगळं धरून निवेदन असं होतं:

‘नमस्कार. ही सुगरण. घरगुती फराळ आणि मसाले. फॉर इंग्लिश, प्लीज वेट.

आत्ता आमचा फोन बंद आहे. फोन सकाळी दहापासून, संध्याकाळी सहापर्यंत सुरू असतो. रविवारी सुट्टी.

ऑर्डर द्यायची असेल, तर थोडं थांबा. इंग्रजी बोलणं संपलं, की बीप वाजेल. मग तुमचं नाव, गाव आणि फोन नंबर सांगा. फोन सुरू झाल्यावर, आम्ही तुम्हाला फोन करू.

हॅलो. धिस इज सुगरण. होममेड दिवाली स्नॅक्स. वी आर क्लोज्ड नाऊ. वी आर ओपन फ्रॉम टेन इन द मॉर्निंग, टिल सिक्स इन द इव्हनिंग. क्लोज्ड ऑन संडे. फॉर ऑर्डर्स, वेट फॉर द बीप. देन से युवर नेम, युवर टाउन, अँड युवर फोन नंबर. वी विल कॉल यू बॅक.’

यातला एकेक शब्द का निवडला, ते आता सांगतो. आधी वेळेचं पाहू. साधा फोन आपला सगळा आवाज पलीकडे नेत नाही. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि निवेदन वाजवणाऱ्या बऱ्याच यंत्रणा आजही तेवढ्याच पट्ट्यात चालतात. आपल्या ‘स’ची जी शीळ असते, तिचा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो. तो कापला गेला की ‘सहा’ आणि ‘दहा’ यांच्यात उरतो तो सारखाच ‘हा’. म्हणून नुसतं ‘दहा ते सहा’ म्हटलं तर घोटाळा होतो. ‘सकाळी दहा’ आणि ‘संध्याकाळी सहा’ म्हटलं की आकडा नीट ऐकू आला नाही तरी माणूस अंदाजाने बरोबर ठिकाणी येतो. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांचंही असंच आहे. ‘साडेसहा’मधला ‘साडे’ गोंगाटात हरवतो. जमत असेल तर फोनची वेळच पूर्ण तासाची ठेवावी, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

इंग्रजीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ असेच गफलत करतात. विमानांशी रेडिओवर बोलणारे लोक याच कारणाने ‘नाइन’ऐवजी ‘नाइनर’ म्हणतात. आपल्याला तसं म्हणायची गरज नाही, पण तिथेही ‘इन द मॉर्निंग’ जोडायला विसरू नये. आणि ‘टेन टू सिक्स’ म्हणू नये, कारण ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ आणि ‘टू’ म्हणजे ‘दोन’ हे कानाला एकच आहे. ‘टिल सिक्स’ म्हटलं की शंका राहत नाही.

‘उद्या आम्ही फोन करू’ असं आपण लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हेच निवेदन शनिवारी रात्रीही वाजणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी आपली सुट्टी असते. ‘फोन सुरू झाल्यावर’ हे कोणत्याही रात्री खरंच ठरतं. तसंच ‘ऑर्डर पंधरा ऑक्टोबरपर्यंत’ असली तारीख या निवेदनात घालायची झाली, तर ते वाक्य दोन्ही भाषांत वेगळं मुद्रित करून ठेवावं, म्हणजे दिवाळी झाल्यावर तेवढंच काढता येतं. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखे ऐकू येतात, म्हणून तारखेबरोबर वारही सांगावा.

गटाचं नाव दोन्ही भाषांत एकसारखंच उच्चारायचं. इंग्रजीत आलो म्हणून ‘सुगरण’चं ‘सुग्रान’ करायचं नाही, नाहीतर ऐकणाऱ्याला ही दोन वेगळी दुकानं वाटतात. नाव झाल्यावर क्षणभर थांबायचं आणि लगेच आपण काय विकतो ते सांगायचं. नाव नवखं असलं तरी ‘दिवाली स्नॅक्स’ ऐकलं की फोन बरोबर लागला, हे त्याला कळतं.

निवेदन वाचणाऱ्या ताईला इंग्रजी अक्षरं वाचायची सवय नसेल, तर इंग्रजी भागही देवनागरीतच लिहून द्यावा, जसा आपण वर लिहिला आहे. फक्त देवनागरीत एक फसगत असते: शब्द जवळजवळ लिहिले की ते एका दमात वाचले जातात. म्हणून थांबायचं तिथे उभी रेघ मारावी आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यावं. इंग्रजी उच्चार साहेबी करायची गरज नाही. आपल्या नेहमीच्या बोलीतलं, पण सावकाश आणि शब्द पूर्ण करून म्हटलेलं इंग्रजी सगळ्यांना कळतं. मराठी एका ताईने आणि इंग्रजी दुसरीने म्हटलं तरी चालतं. उलट आवाज बदलला की भाषा बदलली, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. एकच आवाज असेल तर दोन भाषांमध्ये एक सेकंद गप्प राहावं.

मुद्रण करताना पंखा आणि मिक्सर बंद ठेवावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या, गोधड्या, कपडे असलेली खोली निवडावी. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला धरावा. समोर धरला तर ‘फराळ’, ‘फोन’ म्हणताना श्वासाचा फुत्कार येतो. मागे सनईबिनई लावू नये. मोबाइलची यंत्रणा बोलण्याचा आवाज पोचवण्यासाठी केलेली असते, त्यातून संगीत थरथरतं आणि शब्दही झाकतं.

शेवटी परीक्षा घ्यायची, आणि ती आपल्या कानाने घेऊन उपयोग नाही, कारण आपल्याला वाक्यं पाठ असतात. कागद न पाहिलेल्या दोघीतिघींना आपल्या नंबरवर फोन करायला सांगा, त्यातली एक एसटी स्टँडवरून. एखादा तरी जण मराठी न येणारा असू द्या. प्रत्येकाने चार गोष्टी लिहून द्यायच्या: दुकानाचं नाव, फोन सुरू होण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, आणि बीपनंतर काय सांगायचं ते. शिवाय प्रत्येकाने निरोपही ठेवायचा. एकच गोष्ट दोघांची चुकली, तर ती मोठ्याने म्हणून सुधारत नाही, तिथला शब्दच बदलावा लागतो. आणि निरोप अर्ध्यातून सुरू झालेला ऐकू आला, ‘...वाडीहून बोलतेय’ असा, तर समजा की बीपबद्दलचं वाक्य नीट पोचलेलं नाही. ते आणखी सावकाश म्हणून, त्याच्या आधी आणि नंतर जास्त थांबून पुन्हा मुद्रित करा.

तिसरी भाषा म्हणून हिंदीही घालावी का, असं काही जणी विचारतात. तीन भाषा झाल्या की बीप आणखी लांब जाते आणि मराठी ताई फोन ठेवून देते. निवेदन दोनच भाषांत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही उलट फोन कराल तेव्हा समोरच्याशी त्याच्या सोयीच्या भाषेत बोला.