चार बुशांची बेरीज

शाफ्टवर 10 ± 0.05 मिमी जाडीचे चार बुश शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यासाठीची खाच 40.15 मिमी आहे. चारही बुश सर्वात जाड निघाले तर बेरीज 40.20 होते आणि जोडणी अडते. हा झाला ‘वर्स्ट केस’ हिशेब: ± 0.20.

पण चारही एकदम टोकाचे निघणे विरळा. म्हणून सांख्यिकी पद्धतीत टॉलरन्सच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात: √(4 × 0.05²) = 0.10. जाडी 40.10 पर्यंतच जाते, जोडणी सुटसुटीत बसते. मात्र मापे 10 च्या दोन्ही बाजूंना विखुरलेली हवीत. टूल झिजून प्रत्येक बुश 10.04 चा येऊ लागला, तर बेरीज 40.16 होते. मायक्रोमीटरवर प्रत्येक बुश पास होतो, जोडणी मात्र अडते.