‘डिस्पॅच मीच बघतो’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळणारा एक तरुण आहे असं धरू. त्याला चाकणच्या एका परदेशी कंपनीत अर्ज करायचाय आणि तिथला मोठा साहेब इंग्लंडहून आलेला आहे. काय लिहायचं ते त्याच्या मनात मराठीत अगदी स्वच्छ आहे. “मी 2019 पासून इथे काम करतोय. डिस्पॅच मीच बघतो. माझ्या हाताखाली पाच-सहा जण आहेत. गेल्या वर्षी उशिरा जाणारा माल बराच कमी झाला. मला एक संधी द्यावी, ही विनंती.”

या मराठीत खोट काढायला जागा नाही. आता तो हेच शब्दाला शब्द ठेवून उतरवतो. “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019. डिस्पॅच आय ओन्ली सी. अंडर मी फाइव्ह-सिक्स पीपल आर देअर. लास्ट इयर लेट डिस्पॅच बिकेम लेस. काइंडली गिव्ह मी वन चान्स.” पुण्यातल्या एचआरच्या बाईंना हे सगळं कळेल, कारण त्यांच्याही डोक्यात मराठी किंवा हिंदी आहे. त्या वाचता वाचता मनातल्या मनात ते परत मराठी करून घेतात. इंग्लंडच्या साहेबाला ही सोय नाही. त्याच्यापुढे फक्त इंग्रजी शब्द आहेत आणि त्यांचा त्याच्या भाषेत जो अर्थ होतो तोच तो घेणार.

यातलं सगळ्यात महागात पडणारं अक्षर म्हणजे ‘मीच’मधला ‘च’. मराठीत हा ‘च’ जोर देतो. हे काम दुसरं कोणी नाही, मी करतो, जबाबदारी माझी, असं तो सांगतो. आपण त्याच्या जागी सवयीने ‘ओन्ली’ बसवतो. पण क्रियापदाला चिकटलेला ‘ओन्ली’ इंग्रजीत बहुतेक वेळा ‘फक्त एवढंच’ असा अर्थ देतो. मुलाखतीत कोणी अभिमानाने “आय ओन्ली इन्स्टॉल्ड द मशीन” म्हणालं, तर समोरच्याला ऐकू येतं की याने मशीन नुसतं बसवून दिलं, बाकी काही केलं नाही. श्रेय घ्यायला गेलेला माणूस स्वतःच्याच तोंडाने ते सोडून येतो. इथे ‘च’चं काम इंग्रजी वेगळ्या रीतीने करते. “आय इन्स्टॉल्ड इट मायसेल्फ” म्हणावं, किंवा “आय वॉज द वन हू इन्स्टॉल्ड इट.” बोलताना तर ‘आय’वर आवाजाचा जोर दिला तरी भागतं.

‘बघणे’ हेही असंच. आपल्याकडे माणूस डिस्पॅच बघतो, मेंटेनन्स बघतो, वडिलांनंतर शेती बघतो. इंग्रजीतला ‘सी’ हे ओझं उचलत नाही. त्यातून “आय ॲम सीइंग डिस्पॅच” असं म्हटलं तर भलतंच, कारण “आय ॲम सीइंग समवन” म्हणजे माझं कोणाशी तरी जुळलंय. या कामाला इंग्रजीत ‘हँडल’, ‘रन’, ‘लुक आफ्टर’, ‘मॅनेज’ अशी क्रियापदं आहेत आणि त्यांत फरक आहे. ‘हँडल’ म्हणजे ते काम माझ्या हातून होतं. ‘रन’ म्हणजे विभाग मी चालवतो. मराठीतला ‘बघतो’ या दोन्हींना पुरतो, म्हणून इंग्रजीत लिहिण्याआधी आपण नक्की काय करतो हे स्वतःला विचारावं लागतं. अडचण अशी की हा प्रश्न आपल्याला कोणी शाळेत विचारलेला नसतो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. पण वाक्यापुढे वाक्य ठेवून भाषांतर करण्याची जी सवय लागली, ती अर्ज लिहिताना आड येते. तिथे मराठी वाक्य पक्कं आहे असं गृहीत धरलेलं असतं. नोकरीच्या अर्जात आधी मराठी वाक्यच मोडावं लागतं.

कसं मोडायचं ते आपल्या तरुणाच्या चौथ्या वाक्यावर बघू. “उशिरा जाणारा माल बराच कमी झाला.” कोणी कमी केला? वाक्यात कोणीच नाही. मराठीला हे फार आवडतं. काम झालं, फोन करायचा राहून गेला, ग्लास फुटला. करणारा पडद्याआड राहतो, त्यात विनयही असतो आणि कधीकधी सुटकाही. घरात आपण शिकलेलो असतो की स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगू नये. त्यामुळे ‘मी केलं’ लिहिताना हात अडखळतो आणि ‘झालं’ लिहून तो मोकळा होतो. इंग्रजीतही असं वाक्य व्याकरणाने चालतं. पण अर्ज वाचणाऱ्याला वाटतं की माल आपोआप वेळेवर जायला लागला, हा गृहस्थ तेव्हा शेजारी उभा असेल.

म्हणून त्याने आधी मराठीतच चार प्रश्नांची उत्तरं द्यावीत. कोणी, काय केलं, केव्हा, आणि त्याने किती फरक पडला. समजा उत्तर असं निघालं: पॅकिंगची यादी पूर्वी गाडी दारात लागल्यावर व्हायची. मी ती आदल्या संध्याकाळी करायला लावली. त्याआधी महिन्याला साधारण दहा गाड्या उशिरा सुटायच्या, आता दोन-तीन सुटतात. हे मराठी वाचायला रुक्ष आहे, पण त्यात लपलेलं काही नाही. आता याचं इंग्रजी जवळजवळ आपोआप होतं: “लास्ट इयर आय मूव्ह्ड द पॅकिंग लिस्ट टू द प्रीव्हियस इव्हनिंग. लेट डिस्पॅचेस फेल फ्रॉम अबाउट टेन अ मंथ टू टू ऑर थ्री.” यात एकही अवघड शब्द नाही. साहेब वाचतो आणि त्याला कळतं की या माणसाला अडचण कुठे आहे ते दिसतं, आणि ती सोडवताही येते. ही बढाई नव्हे, त्याला हवी असलेली माहिती आहे.

बाकीची वाक्यं झटपट उरकू. ‘पाच-सहा जण’ हा मराठीचा झकास अंदाज, पण इंग्रजीत दोन आकडे नुसते शेजारी ठेवत नाहीत, “फाइव्ह ऑर सिक्स” म्हणतात. त्यातून स्वतःची माणसं स्वतःला मोजता येत नाहीत असं दिसू नये. सहा असतील तर “आय सुपरवाइज अ टीम ऑफ सिक्स”. शेवटच्या वाक्यातली ‘एक संधी द्या’ ही विनवणी आपल्याकडे नम्रता आहे. इंग्रजीत “काइंडली गिव्ह मी वन चान्स” हे चूक केलेला माणूस माफी मागताना म्हणतो तसं ऐकू येतं. “आय वुड बी ग्लॅड टू टॉक अबाउट द रोल” एवढं पुरे.

काळाचा घोटाळा मात्र जरा सावकाश समजून घ्यायला हवा, कारण त्यात आपली मराठी बरोबर असते. ‘2019 पासून काम करतोय’ हे मराठीत वर्तमानकाळातच सांगतात. इंग्रजीत पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला “हॅव बीन वर्किंग” लागतं. उलट बाजूने, ‘मी काल मेल पाठवला आहे’ हे आपण बिनदिक्कत म्हणतो. म्हणून लिहिलं जातं, “आय हॅव सेंट द मेल यस्टरडे.” इंग्रजीत ‘काल’, ‘मागच्या वर्षी’, ‘2018 साली’ असा संपलेला काळ वाक्यात आला की हा ‘हॅव’ टिकत नाही, साधं “आय सेंट” म्हणायचं. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘हॅव’वर बोट ठेवावं आणि त्याच वाक्यात तारीख किंवा ‘काल’ आहे का ते पाहावं. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

शिक्षणाच्या रकान्यातही दोन खड्डे आहेत. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो. “आय हॅव गिव्हन द एक्झाम” वाचणाऱ्याला मात्र वाटू शकतं की याने ती घेतली. तिथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो किंवा ‘सिट’ करतो. आणि “आय पास्ड आऊट इन 2018” हे आपल्या कॉलेजांमधलं रोजचं इंग्रजी असलं तरी बाहेरच्या कानाला त्याचा अर्थ ‘मी बेशुद्ध पडलो’ असा लागतो. पदवी घेतली असेल तर “ग्रॅज्युएटेड” लिहावं.

मुलाखतीत हेच सगळं जिभेवर येतं, शिवाय एक नवी गोष्ट येते. पहिली नोकरी का सोडली, असं विचारल्यावर मराठी माणूस ‘त्याचं असं झालं’ असं म्हणून सुरू करतो. आधी परिस्थिती, मग माणसं, मग कारणं, आणि उत्तर सगळ्यात शेवटी. आपलं क्रियापदही वाक्याच्या शेवटी बसतं, तेव्हा ऐकणाऱ्यालाही तोपर्यंत थांबायची सवय असते. इंग्रजी ऐकणारा पहिल्याच वाक्यात उत्तर शोधतो आणि ते मिळालं नाही तर हा टाळतोय असं समजतो. म्हणून उत्तर आधी, कारण नंतर. ‘घरच्या अडचणीमुळे सोडली’ याचं “होम प्रॉब्लेम” करू नये, घरात भांडण होतं असं वाटतं. “फॉर फॅमिली रीझन्स” म्हटलं की पुढे बहुधा कोणी खोदून विचारत नाही. आणि शेवटी ‘मला एक शंका आहे’ म्हणायची वेळ आली, तर “डाऊट” शब्द गिळून “आय हॅव अ क्वेश्चन” म्हणावं. पगाराबद्दल ‘डाऊट’ आहे म्हटलं की तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो.

एवढं सांगून झाल्यावर दुसऱ्या टोकाला जाऊ नका. भारतीय इंग्रजीतलं सगळं काही चूक नाही. मीटिंग अलीकडे ओढण्यासाठी आपण वापरतो तो ‘प्रीपोन’ शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. “डू द नीडफुल” मुळात इंग्रजांच्याच जुन्या पत्रव्यवहारातलं, ते तिकडे मागे पडलं आणि आपल्या कार्यालयांत टिकलं. वरिष्ठ भारतीय असतील तर ते कोणाला खटकत नाही. उच्चार मराठी वळणाचे असले तरी चालतं. उलट, ओशाळून जड शब्द घातले, “पॅशनेट” आणि “डायनॅमिक” असं स्वतःलाच म्हणवून घेतलं, की अर्ज सगळ्यांसारखा होतो आणि सातपूरच्या त्या दहा गाड्या त्यात हरवतात.

सातपूरच्या तरुणाचा नवा मजकूर आता असा झाला: “आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019. आय रन द डिस्पॅच सेक्शन अँड सुपरवाइज अ टीम ऑफ सिक्स. लास्ट इयर आय मूव्ह्ड द पॅकिंग लिस्ट टू द प्रीव्हियस इव्हनिंग, अँड लेट डिस्पॅचेस फेल फ्रॉम अबाउट टेन अ मंथ टू टू ऑर थ्री. आय वुड बी ग्लॅड टू टॉक अबाउट द रोल.” तुमचाही असा मजकूर तयार झाला की मराठी आणि हिंदी दोन्ही न येणारं कोणी ओळखीचं शोधा. बंगळुरूला नोकरी करणारा एखादा तमिळ मित्रही चालेल. त्याला व्याकरण तपासायला सांगू नका. मी तिथे नक्की काय काम करतो, एवढंच विचारा, आणि उत्तर बरोबर आलं तरच अर्ज पाठवा.