‘जात’ वाचताना यंत्र अडखळतं

समजा, एका ग्रामपंचायतीने गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली : ‘ता. 12 रोजी दु. 3.30 वा. पंचायतीत जात प्रमाणपत्रं वाटली जातील. तालुक्याला जात असाल तर थांबा.’ सातवी-आठवीतल्या कुठल्याही पोराला ही सूचना मोठ्याने वाचायला सांगितली तर तो न अडखळता वाचेल. तीच फोनमधल्या वाचक आवाजाला दिली, तर आवाज कदाचित त्या पोरापेक्षा गोड निघेल, मधे श्वास घेतल्याचा भासही होईल. पण या दोन ओळींत त्याला ठेच लागण्याच्या जागा सहा-सात आहेत. त्यातल्या एका जागी जरी पाय घसरला, तरी ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं की हे माणसाचं वाचन नव्हे.

मजकूर बोलून दाखवणाऱ्या यंत्रणेला दोन कामं करावी लागतात. आधी अक्षरांवरून उच्चार ठरवायचा; मग त्या उच्चाराचा आवाज करायचा. ‘यंत्रासारखं बोलतोय’ असं आपण म्हणतो तेव्हा दोष यांपैकी कुठल्याही कामातला असू शकतो. गेल्या काही वर्षांत दुसरं काम कमालीचं सुधारलं आहे. मराठीत अडतं ते बहुतेक वेळा पहिल्यात.

दुसऱ्या कामाच्या जुन्या तऱ्हा आपल्या कानांना ओळखीच्या आहेत. रेल्वे फलाटावरची उद्घोषणा आठवून पाहा. तिथला आवाज खऱ्याखुऱ्या माणसाचा असतो, तरी गाडीचा क्रमांक आला की तो तुटक होतो. कारण प्रत्येक अंक वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. माणूस एकटा ‘दोन’ म्हणतो तेव्हा शेवटी त्याचा सूर खाली उतरतो; ‘एक-दोन-एक-दोन-तीन’ असं सलग म्हणताना मात्र तो फक्त शेवटच्या ‘तीन’वर उतरतो. मुद्रित तुकडे जोडले की प्रत्येक अंकावर सूर पडतो, आणि पाच अंकी क्रमांक म्हणजे पाच संपलेली वाक्यं वाटतात. लोकलच्या डब्यातलं ‘पुढील स्टेशन’ मात्र कानाला खटकत नाही. तिथे साचा एकच असतो आणि स्टेशनचं नाव नेहमी वाक्यात त्याच जागी येतं, त्यामुळे ते त्या जागेच्या सुरात म्हणून ठेवता येतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे माणसाचा आवाज न वापरता गणिताने ध्वनी घडवायचा. दृष्टिहीन लोक संगणकावर जो ‘ईस्पीक’ आवाज वापरतात, तो या जातकुळीचा. तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. तरीही अनेक जण तो सोडत नाहीत, कारण कळ दाबताच तो बोलतो आणि वेग कित्येक पटींनी वाढवला तरी त्याचे शब्द स्पष्ट राहतात. दिवसभर कामाची कागदपत्रं ऐकणाऱ्याला गोडव्यापेक्षा वेग मोलाचा.

2016 साली ‘वेव्हनेट’ आलं आणि या कामाचं रूप पालटलं. त्यात ध्वनिलहरीचा एकेक बिंदू, सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने, आधीच्या बिंदूंवरून ठरवला जातो, आणि तो कसा ठरवायचा हे यंत्र खऱ्या मुद्रणांवरून शिकतं. पुढच्याच वर्षाअखेरीस आलेल्या ‘टॅकोट्रॉन 2’ची परीक्षा श्रोत्यांनी एक ते पाच गुण देऊन घेतली. यंत्राला 4.53 मिळाले, तर व्यावसायिक कलाकाराच्या मुद्रणाला 4.58. मात्र ही परीक्षा इंग्रजीची होती, एकाच बाईच्या सुमारे 25 तासांच्या स्टुडिओ-मुद्रणावर यंत्र शिकलं होतं, आणि वाक्यं एकेकटी ऐकवली होती.

आता पुन्हा पंचायतीच्या सूचनेकडे.

पहिलीच ठेच ‘ता.’ची. ती ‘तालुका’ही असू शकते आणि ‘तारीख’ही. ‘ता. हवेली, जि. पुणे’ असं असेल तर तालुका, पुढे आकडा आला तर तारीख. एवढा नियम यंत्राला घालून देता येतो. तो घातला नसेल, तर त्या टिंबाला ते पूर्णविराम समजतं. मग ‘ता’ म्हणून सूर खाली पडतो, क्षणभर शांतता होते आणि नवं वाक्य सुरू केल्यासारखं ‘बारा रोजी’ येतं. ‘दु.’ आणि ‘वा.’ला पुन्हा तेच. एका वाक्याची चार वाक्यं होतात. शब्द सगळे बरोबर असूनही ऐकणाऱ्याला वाटतं, आवाजच यांत्रिक आहे.

‘3.30’ची गंमत निराळी. ते ‘तीन दशांश तीन शून्य’ नाही, ‘तीन तीस’ही नाही, मराठी माणूस ‘साडेतीन’ म्हणतो. पण नियम म्हणून ‘तीस मिनिटं म्हणजे साडे’ एवढंच सांगून भागत नाही. 1.30 म्हणजे दीड आणि 2.30 म्हणजे अडीच. साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही. 2.45 ला तर चक्क पुढचा तास उच्चारावा लागतो : पावणेतीन. आणि हाच ‘3.30’ जर ‘3.30 टक्के व्याज’ म्हणून आला, तर साडेतीन म्हणणं ही नुसती उच्चाराची चूक राहत नाही, हिशेबच चुकतो. आकडा काय सांगतो, हे शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग येते ‘जात’. प्रमाणपत्राची ‘जात’ आणि तालुक्याला ‘जात’ असाल यांतली अक्षरं तीच, उच्चार वेगळे. पहिला ज ‘जेवण’मधला, टाळूला जीभ लावून केलेला, दुसरा ‘जोडा’मधला, दातांजवळचा. च, ज आणि झ या तिन्ही अक्षरांना मराठीत असे दोन-दोन उच्चार आहेत आणि देवनागरी ते वेगळे दाखवत नाही. ‘चार’ माणसं आणि गुरांचा ‘चारा’ म्हणून पाहिलं की जिभेला फरक कळतो.

यातला काही भाग नियमात बसतो. पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्य होतो, म्हणून ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ आपोआप बदलतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सहसा तालव्य राहतात. पण पुढे अ, आ, उ किंवा ओ असेल तर अक्षरांवरून उत्तर मिळत नाही, शब्दकोश लागतो. आणि ‘जात’सारख्या जोडीत तर शब्दकोशही दोन्ही उच्चार पुढे करतो. ‘जरा थांबा’मधलं जरा आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांचंही तसंच. तिथे वाक्याचा अर्थच पाहावा लागतो. नुसतं अक्षरांवरून शिकलेलं यंत्र, शिकताना जो उच्चार जास्त वेळा कानी पडला तो पुढे करण्याकडे झुकतं.

पुढची ठेच ‘प्रमाणपत्रं’ची. इथला अनुस्वार नाकात उच्चारायचा नाही. तो सांगतो की शेवटचा ‘अ’ लांबवा. ‘संप’मध्ये तेच टिंब म् होतं, ‘संत’मध्ये न् होतं. ज्या फोनमध्ये मराठी आवाज बसवलेला नसतो, तिथे देवनागरी मजकूर हिंदी आवाजाच्या हाती जाऊ शकतो. मग ‘केलं’, ‘घरं’ गेंगाणी होतात, ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ होतं, ‘पैसे’ ‘पॅसे’ होतात आणि दंततालव्य च-ज तर समूळ नाहीसे होतात. अशा वेळी आवाज कितीही नैसर्गिक असो, तो हिंदीभाषकाचा नैसर्गिक आवाज असतो.

न लिहिलेल्या आणखी एका गोष्टीवरही यंत्र पकडलं जातं. ‘बदल’मधला द आपण पूर्ण उच्चारतो, ‘बदला’मध्ये मात्र ‘बद्ला’ म्हणतो. ‘अ’ कुठे गाळायचा याचे नियम आहेत आणि साध्या शब्दांत ते चालतात. पण ‘नवलकथा’ हा ‘नवल’ आणि ‘कथा’ यांचा जोड आहे हे यंत्राला दिसलं नाही, तर उजवीकडून नियम लावत ते ‘नव्लक्था’पर्यंत पोहोचू शकतं.

एवढं सगळं बरोबर जमलं, तरी वाचन सपाट वाटू शकतं. त्याचं कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. ‘तालुक्याला जात असाल तर थांबा’ हे वाक्य माणसं अनेक चालींत म्हणतील : कोणी ‘तालुक्याला’वर जोर देईल, कोणी ‘तर’वर किंचित थांबेल, कोणी ‘थांबा’ ओढेल. प्रत्येक चाल बरोबरच. पण सगळ्या उदाहरणांपासून कमीत कमी चुकायचं, एवढंच ध्येय यंत्राला दिलं, तर ते सगळ्या चालींची सरासरी काढतं. उंच सूर आणि खालचा सूर यांची सरासरी म्हणजे कोणीच न काढलेला मधला सूर. अलीकडच्या पद्धती म्हणूनच सरासरी टाळून शक्य चालींपैकी कुठलीतरी एक निवडतात. तरी सलग परिच्छेद ऐकला, की प्रत्येक वाक्य त्याच चढावर सुरू होऊन त्याच उतारावर संपताना पुष्कळदा ऐकू येतं. एकेकट्या वाक्यांच्या परीक्षेत हे दिसत नाही.

शिकवायला कोणतं वाचन दिलं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी स्टुडिओत मुद्रणं झाली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘सिस्पिन’ प्रकल्पातही मराठी आहे. ‘मेटा’ने 2023 मध्ये हजाराहून अधिक भाषांचे आवाज तयार केले, त्यासाठी मुख्यतः ‘नव्या करारा’च्या वाचनाची मुद्रणं वापरली, एका भाषेला सरासरी 32 तास. इतक्या भाषांत मजकूर आणि आवाज असे जोडीने दुसरीकडे क्वचितच मिळतात. पण धर्मग्रंथ वाचणारा माणूस ज्या सुरात वाचतो, त्या सुरात कोणी भाजीचा भाव विचारत नाही. स्टुडिओतही माणूस ‘वाचतो’, बोलत नाही. आणि वाचतो ते बहुधा प्रमाण मराठीत. त्यामुळे ‘तू आलास?’ आणि ‘तू आलास.’ यांतला फरक, ‘हो ना’मधला ‘ना’ किंवा वऱ्हाडी हेल अशा मुद्रणांत तुरळकच सापडतो.

एखादा आवाज पारखायचा असेल तर गोडव्याकडे लक्ष न देता त्याला पंचायतीची ती सूचना वाचायला द्यावी. आणि ग्रामसेवकाला आवाज बदलणं शक्य नसेल, तर सूचना बदलता येते : ‘तारीख बारा रोजी दुपारी साडेतीन वाजता पंचायतीत जातीची प्रमाणपत्रं वाटणार आहोत. तालुक्याला निघाला असाल तर थांबा.’ यात एकही आखूड रूप उरलं नाही, आकडा उरला नाही, आणि ‘जातीची’ या शब्दाला दुसरा अर्थच नाही. उरला फक्त ‘प्रमाणपत्रं’वरचा अनुस्वार. ‘प्रमाणपत्रे’ लिहिलं की तोही जातो.