गळ्यातला पंखा वीस मिनिटांत का बंद पडतो?

मार्च संपत आला की कपाटातले हातपंखे आणि गळ्यात अडकवायचे पंखे बाहेर निघतात. बरेच जण तेव्हा एकच तक्रार करतात. गेल्या उन्हाळ्यात दोन तास चालणारा पंखा आता वीस मिनिटांत, नाहीतर अर्ध्या तासात मान टाकतो. ‘बॅटरी गेली’ असं म्हणून तो टाकून दिला जातो. दोष खरंच सेलचा असू शकतो, पण तेवढ्याच वेळा तो केबलचा असतो आणि कधी कधी चार्जिंग वेळेवर थांबवणाऱ्या सर्किटचा. तिन्ही दोषांची लक्षणं वेगवेगळी असतात आणि ती घरबसल्या ओळखता येतात.

त्यासाठी यूएसबी मीटर नावाचं छोटं उपकरण लागतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतं. ते अडॅप्टरमध्ये खोचायचं आणि केबल त्यात लावायची. किती व्होल्ट येताहेत, किती अँपिअर वाहताहेत आणि एकूण किती एमएएच चार्ज आत गेला, हे त्याच्या पडद्यावर दिसतं. स्वस्त पंख्यांतलं चार्जिंग सर्किट साध्या पद्धतीचं असतं. त्यात जेवढा करंट केबलमधून येतो, जवळपास तेवढाच सेलमध्ये जातो. त्यामुळे सेलमध्ये खरोखर किती मावतं, हे मीटरच्या आकड्यावरून कळतं.

शेजारच्या काकूंच्या हातपंख्याचंच पाहू. खोक्यावर २००० एमएएच लिहिलेलं. काकू रोज निघण्याआधी दोन तास चार्जिंगला लावायच्या आणि पंखा लोकलमध्ये अर्ध्या तासात बंद पडायचा. आधी तो आपोआप थांबेपर्यंत चालवून पूर्ण उतरवला, कारण सेल अर्धवट भरलेला असेल तर पुढच्या मोजणीला अर्थ राहत नाही. मग मीटर लावला. काकूंच्या केबलवर करंट दिसला ०.२२ अँपिअर. अडॅप्टर तोच ठेवून फोनची चांगली केबल लावली, तर तोच पंखा ०.७१ अँपिअर घेऊ लागला.

आता हिशोब करा. ०.२२ अँपिअरने दोन तासांत फार तर ४४० एमएएच आत जातात. हा पंखा पूर्ण वेगात साधारण ०.९ अँपिअर खातो, म्हणजे तेवढ्यावर तो जेमतेम अर्धा तास चालणार. तक्रार नेमकी तीच होती. केबलच्या आतल्या तारा तुटत आल्या किंवा टोकाला गंज चढला की वाटेतच व्होल्टेज पडतं. चार्जिंग सर्किटला सेलपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज हवं असतं. ते मिळालं नाही की करंट आपोआप घटतो. दिवा मात्र लालच असतो, त्यामुळे चार्जिंग नीट चाललंय असंच वाटतं.

केबलचा आणखी एक घोटाळा होतो. काही स्वस्त पंख्यांना टाइप-सी सॉकेट असतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ते चार्जच होत नाहीत. समोर उपकरण जोडलंय हे अशा अडॅप्टरला कळावं म्हणून सॉकेटजवळ दोन छोटे रेझिस्टर लागतात आणि ते वाचवलेले असतात. अशा पंख्याला अडॅप्टरच्या बाजूला जुनं, चपटं यूएसबी टोक असलेली केबल वापरली की काम होतं.

केबल बदलल्यावर काकूंचा पंखा सुमारे सव्वादोन तासांनी हिरव्या दिव्यावर आला. मीटरने आकडा दाखवला १२४० एमएएच. म्हणजे केबल दोषी होतीच, पण सेलही म्हातारा झालाय. २००० पैकी साठ टक्क्यांच्या आसपासच क्षमता उरली आहे. पूर्ण वेगात तो आता सव्वा तासाच्या थोडा पुढे जाईल.

पुढची तपासणी चार्ज कट-ऑफची. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो. तिथे पोचल्यावर करंट हळूहळू उतरतो आणि सुरुवातीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला की टीपी४०५६ सारखी चिप चार्जिंग तोडते. हिरव्या दिव्यानंतर मीटरवरचा करंट जवळपास शून्य दिसला, तर कट-ऑफ ठीक आहे. काकूंच्या पंख्यात सेलचं झाकण स्क्रूचं होतं. तासाभराने मल्टिमीटर लावला तर ४.१७ व्होल्ट मिळाले, म्हणजे उत्तम. हाच आकडा ४.२५ च्या वर गेला, किंवा चांगल्या केबलवर सहा-सात तासांनीही करंट थांबेना आणि सेल गरम लागू लागला, तर तो पंखा पुन्हा चार्ज करू नये. एक खबरदारी मात्र हवी. पंखा चालू ठेवून चार्ज केला तर मोटर करंट ओढत राहते आणि दिवा हिरवा होतच नाही. तो दोष नव्हे. तपासणी पंखा बंद ठेवूनच करावी.

शेवटी सेलचा दम पाहायचा. मल्टिमीटर लावलेला असतानाच पंखा पूर्ण वेगात सुरू केला. ४.१७ वरून आकडा ३.९५ वर आला. ०.२२ व्होल्टच्या घसरणीला ०.९ अँपिअरने भागलं की सेलचा अंतर्गत रोध साधारण पाव ओहम निघतो. नव्या चांगल्या सेलमध्ये तो एक दशांश ओहमच्या आत असतो. हीच घसरण पाऊण व्होल्टची असती, तर सेल बदलायलाच हवा होता. अशा सेलवर पंखा मंद वेगात बरा चालतो, पण वेग वाढवला की लगेच बंद पडतो. दुसरं लक्षण म्हणजे रिकामा पंखा चार्जिंगला लावताच अर्ध्या तासात दिवा हिरवा होतो आणि मीटर जेमतेम दोन-तीनशे एमएएच दाखवतो.

बदली सेल घेताना १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो घेऊ नका. या मापात आजघडीला फार तर साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता मिळते. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, नकली हाताला हलका लागतो. टोकावर थेट डाग देऊ नये. उष्णतेने सेल बिघडतो, म्हणून निकेलची पट्टी आधीच लावलेला सेल घ्यावा. गळ्यातल्या पंख्यात बहुधा चपटे, मऊ वेष्टनाचे सेल असतात. कवच उचकटताना ते फाटून पेट घेऊ शकतात, तेव्हा ते काम दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं. सेल फुगलेला दिसला तर न दाबता, न टोचता ई-कचरा संकलनात द्यावा.

काकूंनी सेल बदलला नाही. केबल बदलली आणि त्यांच्या प्रवासाला सव्वा तास पुरतो. म्हातारपण बहुतेक पावसाळ्या-हिवाळ्यातलं आहे. रिकामा पंखा महिनोन्महिने पडून राहिला की सेल अडीच व्होल्टच्याही खाली उतरतो आणि आतून खराब होतो. म्हणून सप्टेंबरमध्ये तो अर्धा भरून सावलीत ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी थोडा चार्ज करावा. मीटरचा आकडा आणि तारीख दांड्यावर पट्टी चिकटवून लिहून ठेवावी. पुढच्या मार्चमध्ये १२४० चे नऊशे झाले असतील तर सेल बदलायचा, अकराशे-बाराशे असतील तर पंखा आणखी एक उन्हाळा काढेल.